ए-फोर कागदावर उजवी बॉर्डर का गायब होते: लेटर मापाच्या टेम्प्लेटची दुरुस्ती

प्रश्न: खानापुरात टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नाच्या बायोडाटाचा एक टेम्प्लेट नेटवरून उतरवून घेतला. स्क्रीनवर चारी बाजूंची बॉर्डर व्यवस्थित दिसते, पण ए-फोरवर छापलं की उजवीकडची रेघ गायब आणि खाली भरपूर मोकळी जागा. कोर्टाचे लीगल कागद याच प्रिंटरवर नीट निघतात. बेळगावात एका दुकानात छापलं तर रेघ आली, पण सगळंच थोडं बारीक झालं. प्रिंटर दाखवायला न्यावा का, की बॉर्डर आत ओढावी?

उत्तर:

प्रिंटर नेऊ नका आणि बॉर्डरलाही इतक्यात हात लावू नका. टेम्प्लेट ज्याने बनवला त्याने तो अमेरिकेतल्या लेटर मापाच्या कागदासाठी बनवलाय. तो कागद तुमच्या दुकानात नाही आणि तुम्हाला कुठे सहज मिळणारही नाही. फाइल वर्डमध्ये उघडा, वर `Layout` टॅबमध्ये `Size` दाबा आणि यादीत कशावर खूण आहे ते बघा. `Letter` असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तिथे आधीच `A4` असेल तर कारण वेगळं, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

लेटर कागद साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. लेटर आपल्यापेक्षा सहा मिलिमीटरने रुंद आणि साडेसतरा मिलिमीटरने आखूड आहे. फरक एवढा थोडा की स्क्रीनवर दोन्ही पानं सारखीच दिसतात, म्हणून गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमची बॉर्डर घेऊ. वर्डमध्ये पानाची बॉर्डर कागदाच्या कडेपासून `24 pt` अंतरावर येते, हे तिचं ठरलेलं माप. मिलिमीटरमध्ये साडेआठ. पान लेटरचं आहे, म्हणजे उजवी रेघ डाव्या कडेपासून २०७ मिलिमीटरच्या जरा पुढे पडणार. ए-फोर २१० ला संपतो. कागदावर तीन मिलिमीटर जागा शिल्लक आहे, मग रेघ यायला हवी असं वाटेल. पण दुकानातले बहुतेक लेझर प्रिंटर कडेच्या साधारण चार मिलिमीटरमध्ये शाई टाकतच नाहीत. म्हणजे २०६ च्या पुढचं जे काही आहे ते गेलं, आणि तुमची रेघ नेमकी त्यातच सापडली. डावी रेघ साडेआठ मिलिमीटरवर आहे, तिला काही धोका नाही. खालची रेघ वरून २७१ मिलिमीटरवर आणि कागद २९७ चा, म्हणजे तिच्याखाली अडीच सेंटिमीटरहून जास्त कोरा कागद. तुम्ही उजवी रेघ आणि खालची जागा अशी दोन गाऱ्हाणी मांडलीत, ती एकाच कारणाची आहेत.

हे गणित पान वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकवून छापलं जातं असं धरून केलंय, आणि तुमच्या लक्षणांवरून तसंच होतंय. काही प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर पान मध्यावर ठेवतात. मग जास्तीचे सहा मिलिमीटर दोन्हीकडे तीन-तीन वाटले जातात, दोन्ही रेघा कडेपासून साडेपाच मिलिमीटरवर पडतात आणि छापूनही येतात. म्हणून एकच फाइल एका दुकानात नीट आणि दुसऱ्या दुकानात कापलेली निघते, आणि दोष प्रिंटरच्या माथी जातो.

कोर्टाचे कागद नीट का निघतात, तेही यातच आलं. लीगल कागद लांबीला मोठा असला तरी रुंदीला लेटरएवढाच, साडेआठ इंचाच्या आसपास असतो. अफिडेव्हिटची फाइल लीगल मापाची आणि ट्रेमध्ये कागदही लीगल, त्यामुळे रुंदीचा प्रश्न येत नाही. हा बायोडाटा लीगल कागदावर छापून बघा, उजवी रेघ येईल. मात्र तेवढ्यावर टेम्प्लेट बरोबर आहे असं समजू नका. मुलाकडचे लोक बायोडाटा ए-फोरवरच मागणार.

बेळगावच्या दुकानात सगळं बारीक का आलं? वर्डच्या `File` > `Options` > `Advanced` मध्ये खाली `Print` विभागात `Scale content for A4 or 8.5 x 11" paper sizes` अशी एक ओळ आहे. तिच्यावर खूण मुळातच असते. फाइल लेटरची आणि प्रिंटरमध्ये ए-फोर असेल, तर वर्ड काही न विचारता पान लहान करून ए-फोरमध्ये बसवतो. २१६ चं पान २१० मध्ये, म्हणजे शेकडा ९७. प्रिंटरची कोरी कड सोडून बसवायचं ठरलं तर शेकडा ९३ पर्यंतही उतरतं. तुमच्याकडे ही खूण कुणीतरी काढली असेल, किंवा तुम्ही आधी पीडीएफ करून मग छापत असाल. पीडीएफमध्ये पानाचं माप लेटर म्हणून पक्कं होतं, पुढे वर्डचा त्यावर काही अधिकार राहत नाही. यातलं कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळखायला सोपं आहे.

टेम्प्लेटच्या कोऱ्या जागेत `Insert` > `Shapes` मधून एक आडवी रेघ घाला, तिची रुंदी `15 cm` द्या, छापा आणि पट्टीने मोजा. रेघ बरोबर १५ सेंटिमीटर भरली आणि उजवी बॉर्डर नाही, तर पान मूळ मापाने छापून कापलं गेलंय. १४.६ च्या आसपास भरली तर शेकडा ९७, आणि १४ भरली तर प्रिंटरची कोरी कड सोडून आणखी लहान केलंय. नुसत्या नजरेने हे ओळखायला जाऊ नका. अक्षर तीन टक्के बारीक झालं की नाही, हे मला इतक्या वर्षांनीही मूळ प्रत शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.

लहान करून छापलं तर बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. एकट्या बायोडाटासाठी काहीच नाही. गिऱ्हाईक दारात उभं असेल तर खुशाल तसंच छापून द्या. पण मापाचं काही असेल तर लगेच अडतं. अर्जात ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो असेल तर शेकडा ९३ ला त्याची उंची ४२ होते. आधीच छापलेल्या पावतीपुस्तकाच्या किंवा लेटरहेडच्या चौकटीत मजकूर बसवायचा असेल तर वरच्या ओळी जेमतेम जुळतात आणि खाली जाईल तसा मजकूर वर-वर सरकत जातो. स्टॅम्प पेपरवर छापताना तर हे चालतच नाही. आणि तुमच्या दुकानातली एकूण एक फाइल लेटरची असेल तर हे रोजचंच होऊन बसतं. म्हणून मूळ टेम्प्लेट एकदाच दुरुस्त करून ठेवा.

पहिली अडचण टेम्प्लेट उघडण्यातच येते. फाइलच्या नावाच्या शेवटी `.dotx` असेल तर डबल क्लिक केल्यावर टेम्प्लेट उघडत नाही, त्याच्यावरून नवीन कोरी फाइल तयार होते. तुम्ही तिचं माप बदलता, सेव्ह करता, आणि उद्या पुन्हा लेटर दिसतं. फाइलवर राइट क्लिक करून `Open` करा, म्हणजे मूळ टेम्प्लेट हातात येईल. साधी `.docx` असेल तर हा प्रश्न नाही.

मग `Layout` > `Size` > `More Paper Sizes`. तिथे `Paper size` मध्ये `A4` निवडा आणि खाली `Apply to` मध्ये न विसरता `Whole document` करा. पुष्कळ टेम्प्लेटमध्ये सेक्शन ब्रेक असतात. नुसतं `Size` मधून माप निवडलं तर कर्सर ज्या सेक्शनमध्ये आहे तेवढीच पानं बदलतात. पहिलं पान छान येतं, दुसरं कापलेलं येतं, आणि माणूस पुन्हा प्रिंटरकडे संशयाने बघू लागतो.

माप बदललं की काही गोष्टी आपोआप जागेवर येतात, काही येत नाहीत. आपोआप येणारी म्हणजे वर्डची खरी बॉर्डर, `Design` > `Page Borders` मधून घातलेली. ती नव्या कडेपासून पुन्हा २४ पॉइंटवर जाऊन बसते, उजवी रेघ परत दिसते आणि काम जवळपास संपतं. पण नेटवरच्या बायोडाटात बॉर्डर बहुधा चित्र असते: वेलबुट्टी, कोपऱ्यात कलश, वर मध्यभागी गणपती. हे चित्र बऱ्याचदा हेडरमध्ये ठेवलेलं असतं, त्यामुळे मजकुरात क्लिक करून ते हाताला लागत नाही. पानाच्या वरच्या भागात डबल क्लिक करा, मग बॉर्डरवर क्लिक करा. कोपऱ्यांत गोल ठिपके दिसले तर ते चित्र आहे.

ते चित्र अजून लेटरच्याच मापाचं आहे, ए-फोरच्या बाहेर लोंबतंय. त्याला नेमकं २१ बाय २९.७ करायचा मोह आवरा. चित्रातली वेल आधीच कडेला चिकटलेली असते, ती प्रिंटरच्या त्या चार मिलिमीटरमध्ये पुन्हा जाईल. मी चारी बाजूंनी आठ मिलिमीटर सोडतो, म्हणजे चित्र `19.4 cm` रुंद आणि `28.1 cm` उंच. त्यासाठी `Lock aspect ratio` ची खूण काढावी लागते. मग `Position` मध्ये आडवं आणि उभं दोन्हीकडे `Alignment` ला `Centered`, आणि `relative to` मध्ये `Page`. तिथे `Margin` राहिलं तर पुढे कुणी मार्जिन बदलली की बॉर्डरही सरकेल.

यात एक तडजोड आहे. लेटरची चौकट बुटकी, ए-फोरची उंच. बुटक्या चित्राला ताणून उंच केलं की ते बारा टक्क्यांच्या आसपास उभट होतं. नुसत्या रेघा आणि वेली असतील तर कुणाला कळतही नाही. पण गणपती उभट झाला की घरातली मोठी माणसं लगेच बोट ठेवतात, आणि त्यांचं चूक नाही. अशा वेळी `Lock aspect ratio` तसंच राहू द्या आणि फक्त रुंदी १९.४ करा. उंची आपोआप २५ सेंटिमीटरच्या आसपास येईल, वर-खाली सव्वादोन सेंटिमीटर कोरे राहतील. मध्यावर ठेवलं की वाईट दिसत नाही. मला हाच मार्ग पसंत आहे. ज्यांना पानभर बॉर्डर हवीच, त्यांच्यासाठी गणपती कापून वेगळं चित्र करतो आणि फक्त वेल ताणतो, पण त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे वेगळे घ्यावेत.

दुसरी न हलणारी गोष्ट म्हणजे टेबल. बायोडाटात डावीकडे ‘जन्मतारीख’, ‘रास’, ‘देवक’, ‘मामांचे नाव’ आणि उजवीकडे माहिती, असं दोन रकान्यांचं टेबल असतं. चारी बाजूंना एक इंच मार्जिन धरली तर लेटरवर टेबलाची रुंदी साडेसोळा सेंटिमीटर. ए-फोरवर मार्जिनच्या आत पंधरा पूर्णांक नऊच मिळते. टेबल जुन्याच रुंदीचं राहतं आणि उजवा रकाना मार्जिनच्या सहा मिलिमीटर बाहेर जाऊन बॉर्डरकडे सरकतो. टेबलात क्लिक करा, टेबलाच्याच `Layout` टॅबमध्ये `AutoFit` > `AutoFit Window` दाबा, काम झालं. हेडरमध्ये उजव्या टोकाला मोबाइल नंबर वगैरे असेल तर त्याचा टॅब स्टॉपही जुन्याच जागी अडकलेला असतो. वरच्या पट्टीवरची ती खूण मार्जिनच्या आत ओढा.

रुंदी कमी झाल्यामुळे एखादी ओळ मोडून खाली जाईल, विशेषतः पत्त्याची. ‘मु. पो. नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव’ एका ओळीत बसलेलं दोन ओळींत येईल. घाबरू नका, ए-फोर उंचीला साडेसतरा मिलिमीटर जास्त आहे, दोन-तीन ओळी सहज मावतात. दुसरं पान उगाच तयार झालंच, तर शेवटी राहिलेला रिकामा परिच्छेद आधी शोधा. फॉन्ट लहान करायची गरज क्वचितच पडते.

सेव्ह केल्यावर त्यावरून एक नवीन फाइल काढा, छापा, आणि वरची रेघ कागदाच्या वरच्या कडेपासून किती व खालची खालच्या कडेपासून किती, ते मोजा. दोन्ही मापं मिलिमीटरभराच्या फरकाने सारखी आली म्हणजे टेम्प्लेट ए-फोरचा झाला. चाचणीची १५ सेंटिमीटरची रेघ आता पुसून टाका, नाहीतर ती एखाद्याच्या बायोडाटात छापली जाईल.

यानंतरही तुमच्या संगणकावर प्रत्येक नवीन कोरी फाइल लेटरचीच उघडत असेल, तर विंडोजमध्ये प्रदेश अमेरिकेचा निवडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. संगणक बसवून देणारे बहुतेक जण `English (United States)` तसंच ठेवून जातात. `Region` मध्ये `English (India)` करा. वर्डमध्ये त्याच `More Paper Sizes` च्या खिडकीत `A4` निवडून `Set As Default` दाबा. शिवाय प्रिंटरच्या `Printing Defaults` मध्ये आणि प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवर ट्रेचं माप ए-फोर आहे ना, ते बघा. ट्रे लेटरवर राहिला तर प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो आणि तुमच्याकडे नसलेला कागद मागत राहतो. जुन्या लेझर प्रिंटरवर `PC LOAD LETTER` असं यायचं, ते हेच. पत्र लोड करा असं नाही, ट्रेमध्ये लेटर कागद घाला.

गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर तयार पीडीएफ पाठवतं तेव्हा टेम्प्लेट दुरुस्त करायची सोय नसते. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये `File` > `Properties` उघडा. `Page Size` समोर `8.50 x 11.00 in` दिसलं की समजा लेटर आहे. ए-फोर असेल तर `8.27 x 11.69 in` दिसेल. छापताना `Actual size` ऐवजी `Fit` घ्या आणि `Choose paper source by PDF page size` वरची खूण काढा, नाहीतर प्रिंटर पुन्हा लेटर कागद मागेल. फक्त मापाचा अर्ज असेल तर आधी गिऱ्हाइकाला विचारा. ज्यांनी अर्ज पाठवला त्यांच्याकडूनच ए-फोरची प्रत मागवणं बरं.

आता `Size` मध्ये आधीच `A4` होतं अशांसाठी. चारी बाजू सारख्याच कापल्या जात असतील तर तो लेटरचा प्रश्न नाही, बॉर्डर प्रिंटरच्या कोऱ्या कडेत गेली आहे. तिथे तुमचा दुसरा उपाय लागू पडतो, बॉर्डर आत ओढा. एकच बाजू कापली जात असेल आणि दर प्रतीला कमी-जास्त होत असेल, तर ट्रेमधल्या कागदाच्या बाजूची पट्टी सैल आहे, कागद तिरका ओढला जातोय. लेटरमुळे कापलेलं पान शंभर प्रतींत एकसारखंच कापलं जातं, त्यात कमी-जास्त होत नाही.

स्कॅनरचीही हीच खोड असते, पण उलट दिशेने. स्कॅनिंगचं माप लेटरवर असेल तर ए-फोर दाखल्याचा खालचा साडेसतरा मिलिमीटरचा पट्टा स्कॅनमध्ये येतच नाही, आणि तलाठ्याची सही आणि शिक्का नेमका तिथेच असतो. अर्ज ऑनलाइन भरून झाल्यावर हे कळतं. स्कॅनिंगच्या खिडकीत माप एकदा ए-फोर करून ठेवा.

आणि बायोडाटा परदेशी जाणार असेल तर एवढं करा. मुलगा अमेरिकेत असला तर तिथे तुमचा ए-फोर लेटरवर छापला जाईल, आणि मूळ मापाने छापला तर या वेळी वर-खालचं कापलं जाईल. दोन्ही कागदांत समाईक जागा २१० बाय २७९ मिलिमीटरची. ए-फोर पानावर बॉर्डर वरून आणि खालून प्रत्येकी अठरा मिलिमीटर आत ठेवली आणि पान मध्यावर छापलं, तर बॉर्डर लेटर कागदाच्या कडेपासूनही नऊ मिलिमीटर आत राहते. गणपतीसाठी वर-खाली सव्वादोन सेंटिमीटर सोडलेला टेम्प्लेट या हिशोबात आधीच बसतो, तो वेगळा करायला नको.